पत्ते सांगतील, ठरवायचं तिनं

टॅरो वाचणाऱ्याकडे सर्वात जास्त येणाऱ्या प्रश्नांपैकी एक म्हणजे, ‘मी हे नातं संपवू का?’ या प्रश्नाला थेट हो-नाही उत्तर देणारा वाचक माझ्या मते आपलं काम चुकवतो. म्हणून पत्ते पिसण्याआधी प्रश्नच बदलून घ्यावा: ‘राहिले तर मला काय सोसावं लागेल आणि निघाले तर काय?’ यात निवड तिच्याच हातात राहते.

मांडणी तीनच पत्त्यांची पुरते. मधला पत्ता आजची स्थिती, डावा ‘राहिले तर’, उजवा ‘निघाले तर’. समजा, सहा वर्षांच्या नात्यातली एक मुलगी समोर बसली आहे. १९०९ साली निघालेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या संचातून मधे ‘एट ऑफ कप्स’ आला. लाल झगा घातलेला माणूस काठी टेकत, पाठ फिरवून चाललाय. मागे आठ पेले रचलेले, आणि वरच्या ओळीत एका पेल्याची जागा रिकामी. उतावळा वाचक लगेच म्हणेल, ‘बघ, पत्ताच सांगतोय, नीघ.’ त्याऐवजी एवढंच विचारावं, ‘यात तुला आधी काय दिसलं?’ ती कदाचित त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवेल आणि म्हणेल, ‘त्यानं घरी अजून माझं नाव काढलेलं नाही.’ माणूस निघून जातोय याकडे तिचं लक्षही नसेल. पुढचं बोलणं तिथूनच सुरू व्हायला हवं.

डावीकडे ‘फोर ऑफ पेंटॅकल्स’: नाणं छातीशी घट्ट धरून बसलेला माणूस, म्हणजे राहण्यात सुरक्षितता आहे आणि अडकणंही. उजवीकडे ‘थ्री ऑफ स्वोर्ड्स’: पावसात तीन तलवारींनी छेदलेलं हृदय. इथे बहुतेक जण घाबरतात. पण ‘निघाले तर’ या जागेवर आलेला हा पत्ता मनाई करत नाही, निघाल्यावर दुःख होईल एवढंच सांगतो. ते सोसायची तयारी आहे का, हे तिचं तिनंच ठरवायचं. तिनं ‘आधी त्याच्याशी एकदा स्पष्ट बोलेन’ असं ठरवलं, तर वाचकानं तिथेच थांबावं.

मनासारखं येईपर्यंत ‘अजून एक पत्ता काढा’ असा आग्रह सुरू झाला की समजावं, तिला निर्णयाची जबाबदारी पत्त्यांवर टाकायची आहे. मग संच मिटवावा आणि ‘हाच पत्ता आला म्हणून तुला सुटल्यासारखं वाटलं की वाईट वाटलं?’ असं विचारावं. तिला काय हवंय, ते बहुतेक वेळा या उत्तरात असतं. त्याच प्रश्नासाठी तिला पुढच्याच आठवड्यात पुन्हा बोलावू नये. जोडीदाराच्या मनात काय चाललंय, हेही पत्त्यांतून सांगू नये. तो तिथे नसतो.

मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर पत्ते काढूच नयेत. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२.