भेट देताना बोलायची दोन मिनिटं

ऑफिसातल्या निरोप समारंभात सगळ्यात अवघड काम केक कापणाऱ्याकडे नसतं, भेट देणाऱ्याकडे असतं. मॅनेजरचं बोलून झालेलं असतं, एचआरने शुभेच्छा दिलेल्या असतात, सामोसे गार होत आलेले असतात. अशा वेळी टीममधल्या कुणाला तरी पुढे करून सांगतात, "तू दोन शब्द बोल आणि गिफ्ट दे."

हे भाषण दोन मिनिटांचंच असावं. सावकाश, नीट ऐकू जाईल असं बोललं तर तेवढ्या वेळात साधारण दोनशे ते अडीचशे शब्द बसतात, म्हणजे हाताने लिहिलं तर जेमतेम एक पान. एवढ्याशा जागेत बहुतेक जण विशेषणं भरतात: मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ, मार्गदर्शक. ही सवय मानपत्रांमधून आलेली असावी. शाल-श्रीफळाच्या सत्कारात मानपत्र वाचून दाखवतात ते शोभतं, कारण ते चौकटीत बसवून भिंतीवर लावायचं असतं आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांना सत्कारमूर्तीची फारशी ओळख नसते. आठ-दहा जणांच्या टीमला मात्र आपल्या लीडची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांना हवी असते ती सगळ्यांनी पाहिलेली, पण कुणी मोठ्याने न बोललेली एखादी गोष्ट.

समजा, ऐरोलीतल्या एका कंपनीची टीम लीड सहा वर्षांनी बंगळुरूला चालली आहे. टीमने वर्गणी काढून मनगटी घड्याळ घेतलं आहे. पहिल्या मसुद्यात ओळ अशी येते: "मॅडम नेहमीच आम्हाला समजून घ्यायच्या." यावर सगळे मान डोलावतील आणि लगेच विसरूनही जातील. मग बोलणाऱ्याने जरा आठवून पाहायचं, समजून घ्यायच्या म्हणजे नेमकं काय करायच्या? त्यातून दुसरा मसुदा तयार होतो:

"मॅडम, आपल्या टीममधल्या दोघी रोज इथून ठाण्याला जातात आणि तिथे कर्जत लोकल पकडतात. संध्याकाळची मीटिंग लांबली की तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचात आणि म्हणायचात, 'बाकीचं उद्या.' क्लायंट लाइनवर असतानाही तुम्ही हे म्हटलंय. त्या दोघींना गाडीसाठी उठू का, असं कधी विचारावं लागलं नाही. आमची वेळ तुम्ही अशी सांभाळलीत. म्हणून हे घड्याळ, आम्हा सगळ्यांकडून."

वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही. यात 'प्रेमळ' हा शब्द कुठेच नाही, आणि घड्याळ का घेतलं हे वेगळं समजावून सांगायची गरज उरत नाही. आपल्याकडे भेट देणाऱ्यासमोरच उघडायची पद्धत सगळीकडे नाही. त्यामुळे खोक्यात काय आहे आणि तेच का, हे बोलणाऱ्याने सांगून टाकलेलं बरं. नाहीतर अख्खी खोली त्या चकचकीत कागदाकडेच बघत राहते. प्रसंग आधी ठरला आणि भेट नंतर घेतली तर काम सोपं होतं. भेट आधीच आणलेली असेल तर तिच्याशी जुळणारा प्रसंग शोधायचा. सापडला नाहीच, तर ओढूनताणून नातं जोडू नये. प्रसंग सांगावा आणि भेट साधेपणाने द्यावी.

त्या दोघींना मात्र आधी विचारायला हवं. घरची अडचण, आजारपण, कामातली चूक अशा प्रसंगांत लीडने पाठीशी उभं राहणं ही सांगण्यासारखीच गोष्ट असते, पण ती ज्याच्यावर गुदरली त्याच्या परवानगीशिवाय सांगितली तर लीडचं कौतुक होतं आणि दुसऱ्याची मान खाली जाते. "आता आमचं कसं होणार?" हेही टाळावं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण जाणाऱ्या माणसाला ते ओझ्यासारखं लागतं.

कागद हातात असण्यात कमीपणा नाही. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरच्या हातात नावांची यादी होती. कुणाचं नाव राहू नये म्हणून ती आणल्याचं त्याने सांगितलंही. मोबाइलपेक्षा कागदच बरा, कारण ऐन वाक्यात स्क्रीन काळी होते. भेट मात्र शेवटच्या वाक्यापर्यंत टेबलावरच असू द्यावी. एका हातात कागद आणि दुसऱ्यात खोकं घेतलं, तर समोरचा माणूस अर्धवट हात पुढे करून अवघडून उभा राहतो.

गळा दाटून आला तर मधल्या ओळी सोडून थेट "म्हणून हे घड्याळ" या वाक्यावर यावं. तेवढंच उरलं तरी भाषण पूर्ण होतं. वर्गणी कुणी किती दिली हे बोलू नये. रजेवर असलेल्यांची किंवा रात्रपाळीमुळे न आलेल्यांची नावं मात्र आवर्जून घ्यावीत. मग दोन्ही हातांनी भेट द्यावी, फोटो काढणाऱ्याला पुरेसा वेळ द्यावा आणि बाजूला व्हावं, कारण यानंतर सगळ्यांना मॅडमना ऐकायचं असतं.