शटडाऊन केलेला संगणक झोपलेलाच असतो

माझी मामेबहीण शाळेत शिकवते. घरी आठ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप आहे. एका सकाळी तिचा फोन आला, "दादा, बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग सगळं काळं. पंखा फिरतोय, पण पुढे काहीच नाही." मी विचारलं, "हायबरनेट केला होतास का?" ती म्हणाली, "छे! मी रोज नीट शटडाऊन करते."

गोम इथेच आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून बहुतेक संगणकांवर 'फास्ट स्टार्टअप' आधीपासून चालू असतं. आपण शटडाऊन करतो तेव्हा आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत असतील तसेच hiberfil.sys या लपवलेल्या फाइलमध्ये उतरवले जातात. सकाळी ती फाइल परत रॅममध्ये भरली जाते, म्हणून संगणक लवकर उठतो. म्हणजे हायबरनेटचं नावही न घेणारा माणूस रोज अर्धं हायबरनेट करत असतो. खरीखुरी नवी सुरुवात होते ती 'रीस्टार्ट'ने. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे तसंच.

काळा पडदा दिसला की आधी कॅप्स लॉक दाबून बघायचं. कीबोर्डवरचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे, फक्त चित्र येत नाही. अशा वेळी Win+Ctrl+Shift+B एकत्र दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा पडदा परत येतो. पुढेही असंच होत राहिलं, तर तो ड्रायव्हर बदलायला हवा. दिवा ढिम्म राहिला, तर मात्र फाइल परत भरतानाच गाडी अडलेली असते.

बहिणीचा दिवा ढिम्म होता. पॉवरचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरायला सांगितलं. पुन्हा चालू केल्यावर संगणक जरा रेंगाळला, पण उठला. बहुतेक वेळा असंच होतं. अडकलेली फाइल बाजूला टाकून विंडोज नव्याने सुरू होतं. नाहीच झालं, तर सुरुवात दोन-तीनदा अशीच मध्ये तोडल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो आणि तिथून कमांड प्रॉम्प्ट उघडता येतो. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिथे रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच कुठेतरी लिहून ठेवलेली बरी.

संगणक उठल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आम्ही या दोन ओळी दिल्या:

```
powercfg /h off
powercfg /h on
```

पहिलीने बिघडलेली फाइल पुसली जाते, दुसरीने कोरी तयार होते. "माझे निकालाचे तक्ते जातील का?" हा तिचा पहिला प्रश्न. सेव्ह केलेलं काहीही जात नाही. खरं हायबरनेट केलेलं असेल, तर उघडं राहिलेलं, सेव्ह न केलेलं काम तेवढं हातचं जातं. नंतर डिस्क तपासायला `chkdsk C: /scan` चालवलं. ती ठणठणीत निघाली. डिस्कच खराब असती, तर नवी फाइलही पुन्हा बिघडली असती.

मग फाइल बिघडली कशाने? रविवारी तिच्या घरी गेलो तेव्हा पाहिलं. तिने शटडाऊन केलं, पडदा काळा झाला आणि लगेच भिंतीवरचं बटण खट्कन बंद. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा तेव्हा अजून लुकलुकत होता. पडदा विझल्यानंतरही फाइल लिहिणं काही क्षण चालूच असतं आणि जुन्या फिरत्या डिस्कला त्याला जास्त वेळ लागतो. डेस्कटॉपला बॅटरी नसते, त्यामुळे वीज तोडली की फाइल अर्धवट राहू शकते. बटण दाबणारा हात आपला असो की लोडशेडिंगचा, डिस्कला दोन्ही सारखेच.

तिच्या गावात वीज केव्हाही जाते, म्हणून मी `powercfg /h off` कायमचं केलं. फास्ट स्टार्टअप त्यासोबतच जातं आणि सी ड्राइव्हवरची जागाही मोकळी होते. रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हणजे तिच्याकडे सुमारे सव्वातीन जीबी. संगणक सुरू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो, पण तिला तो चालतो.

लॅपटॉपवाल्यांना मात्र मी हे सरसकट सांगणार नाही. बॅटरी अगदी संपत आली की लॅपटॉप हायबरनेटमध्ये जाऊन उघडं काम वाचवतो, ती सोय बंद होते. त्यांनी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन `Turn on fast startup` समोरची खूण तेवढी काढावी आणि हायबरनेट राहू द्यावं.

बहीण अजूनही शटडाऊन केल्यावर लाल दिवा विझेपर्यंत थांबते. आता ती फाइल लिहिली जात नाही, पण मी तिला थांबवलेलं नाही.