किलो कोणते मोजायचे?

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला नाकातल्या नळीतून अन्न द्यायचं ठरलं की दिवसाला किती कॅलरी द्यायच्या हा प्रश्न येतो. रोजची सोपी रीत म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण २५ किलोकॅलरी. साठ किलोच्या माणसासाठी हे पंधराशे होतात आणि बहुतेक वेळा निभावतं. वजन शंभराच्या पुढे गेलं की मात्र याच गुणाकारावर भरवसा ठेवता येत नाही.

एक रुग्ण धरू. वय ५२, स्त्री, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०२ किलो, म्हणजे बीएमआय ४२च्या वर. न्यूमोनियामुळे त्या अतिदक्षता विभागात आहेत. १०२ला २५ने गुणलं तर उत्तर येतं २५५० किलोकॅलरी. निपचित पडलेल्या, स्वतःचा श्वासही यंत्राच्या मदतीने घेणाऱ्या बाईंना हे फार जास्त आहे.

याचं कारण शरीराच्या आत आहे. सगळे अवयव सारखी ऊर्जा जाळत नाहीत. विश्रांतीत असताना यकृताचा एक किलो दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी खर्च करतो, मेंदूचा सुमारे २४०, हृदय आणि मूत्रपिंडाचा तर ४४०पर्यंत. स्नायूंचा किलो १३च्या आसपास. आणि चरबीचा? जेमतेम साडेचार. घरातल्या कोठीच्या खोलीत पोत्यांची थप्पी वाढली म्हणून चुलीला जास्त सरपण लागत नाही, तसंच हे. वाढलेल्या प्रत्येक किलोला २५ किलोकॅलरी लावणं म्हणजे साठ्यालाही चूल समजणं.

मग उंचीप्रमाणे असायला हवं ते ‘आदर्श’ वजन धरावं का? त्यासाठी डेव्हाइन यांचं १९७४ सालचं सूत्र बरंच वापरलं जातं. स्त्रीसाठी पाच फुटांपर्यंत ४५.५ किलो आणि पुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो. आपल्या रुग्णासाठी ते ४८ किलो येतं आणि कॅलरी १२००. आता चूक उलट्या बाजूला झाली. वाढलेलं सगळं वजन चरबीचं नसतं. शंभर किलोंचा देह वर्षानुवर्षं पेलताना पायांचे स्नायू वाढतात, हृदय मोठं होतं, रक्ताचं प्रमाण वाढतं. हा भाग ऊर्जा मागतोच.

या दोन टोकांच्या मधला मार्ग म्हणजे समायोजित वजन, रुग्णालयातल्या भाषेत ॲडजस्टेड बॉडी वेट. आदर्श वजनाच्या वर जेवढे किलो आहेत, त्यांचा चौथा हिस्सा आदर्श वजनात मिळवायचा. इथे १०२मधून ४८ गेले, राहिले ५४. त्याचे २५ टक्के १३.५. म्हणजे समायोजित वजन ६१.५ किलो, आणि २५ने गुणल्यावर सुमारे १५४० किलोकॅलरी.

हा चौथा हिस्सा १९८०च्या दशकात आहारतज्ज्ञांच्या कामात रुळला. जादा वजनातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चरबीखेरीज असतो, या अंदाजावर तो उभा आहे. तो काटेकोर मोजमापातून आलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं. जेंटामायसिनसारख्या काही औषधांच्या मात्रेसाठीही समायोजित वजन काढतात, पण तिथे पाव नव्हे तर ४० टक्के मिळवतात. त्यामुळे औषधांच्या कागदावर याच बाईंचं समायोजित वजन जवळजवळ ७० किलो दिसेल. तो आकडा उचलून आहाराच्या हिशेबात घालणं चूक.

माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धोका यापुढे आहे. वजन आणि त्याला लावायचा गुणक यांची जोडी असते आणि ती फोडता येत नाही. २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी बीएमआय ३० ते ५०च्या गंभीर रुग्णांसाठी किलोमागे ११ ते १४ किलोकॅलरी सांगितल्या आहेत, त्या प्रत्यक्ष वजनावर. आपल्या रुग्णासाठी ते ११२० ते १४३० होतं. हा आकडा मुद्दामच गरजेपेक्षा कमी ठेवला आहे, उरलेली ऊर्जा शरीराने स्वतःच्या चरबीतून घ्यावी म्हणून. आता कुणी सवयीने ६१.५ किलो घेतले आणि ११ ते १४ने गुणलं, तर ६८० ते ८६०च उरतात. वजनाची दुरुस्ती दोनदा झाली आणि रुग्ण उपाशी राहिला. मिफ्लिन–सेंट जिओर या १९९०च्या सूत्राचंही तसंच. त्याच्या अभ्यासात लठ्ठ माणसं होती, त्यामुळे त्यात प्रत्यक्ष वजनच घालायचं असतं. १०२ किलो घातले तर उत्तर १५६८ येतं, म्हणजे समायोजित वजनाच्या हिशेबाशी बरंच जुळतं. ६१.५ घातले तर ११६३, विनाकारण चारशेने कमी.

कॅलरी कमी ठेवण्याची ही रीत प्रथिनं भरपूर दिली तरच चालते. त्याच अमेरिकन सूचनांत बीएमआय ४०च्या वर आदर्श वजनाच्या किलोमागे अडीच ग्रॅमपर्यंत प्रथिनं सांगितली आहेत, म्हणजे इथे १२० ग्रॅम. युरोपातल्या सूचना समायोजित वजनाच्या किलोमागे १.३ ग्रॅम म्हणतात, म्हणजे ८० ग्रॅम. नळीतून द्यायच्या साध्या आहारात १०० मिलिलिटरला १०० किलोकॅलरी आणि सुमारे ४ ग्रॅम प्रथिनं असतात. १२५० मिलिलिटर दिला तर कॅलरी भरतात, पण प्रथिनं पन्नासच. लठ्ठ रुग्णाच्या बाबतीत ही तूट कुणाच्या नजरेला येत नाही. मांड्या जाडच दिसतात आणि आतले स्नायू झिजत राहतात. ते कळतं व्हेंटिलेटर काढताना, किंवा बिछान्यावर बसतं करताना, जेव्हा मान धरवत नाही.

जास्त दिल्याची चिन्हं त्यामानाने लवकर दिसतात. साखर १८०च्या खाली राहत नाही आणि इन्शुलिन वाढवत न्यावं लागतं. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स चढतात. जादा कर्बोदकांमुळे कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि फुप्फुसं आधीच थकलेली असल्याने यंत्रावरून सुटका लांबते. झोपेसाठी प्रोपोफॉलची धार चालू असेल तर त्या तेलकट औषधाच्या प्रत्येक मिलिलिटरला १.१ किलोकॅलरी असतात. त्या आहारातून वजा कराव्या लागतात आणि हे अनेकदा राहून जातं.

खरी गरज कळण्याचा चांगला मार्ग म्हणजे इनडायरेक्ट कॅलरीमेट्री. रुग्णाने किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडला हे यंत्र मोजतं आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा काढतं. पण ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर चालू असेल किंवा नळ्यांमधून हवा गळत असेल तर तो आकडा विश्वासाचा राहत नाही. शिवाय असं यंत्र सगळीकडे नसतं, म्हणून सूत्रांवर काम चालतं.

आपल्याकडे या सूत्रांकडे आणखी सावधपणे पाहायला हवं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच शरीरं शेजारी ठेवून दाखवली होती. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेवढ्याच बीएमआयला भारतीय देहात चरबी जास्त आणि स्नायू कमी असण्याकडे कल असेल, तर परदेशी देहांवर बेतलेला चौथा हिस्सा इथे थोडा जास्त ठरण्याची शक्यता आहे. म्हणून १५४० हा सुरुवातीचा आकडा समजायचा. पहिल्या काही दिवसांत त्याच्या सत्तर टक्क्यांपुढे न जाता हळूहळू वाढवायचं आणि साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि स्नायूंची ताकद पाहत तो बदलत राहायचा.

या सगळ्याच्या मुळाशी उंची आणि वजन हे दोनच आकडे आहेत आणि गडबड तिथेच फार होते. सलाइन आणि सुजेमुळे चार दिवसांत आठ-दहा किलो चढू शकतात. ते पाणी असतं, पण हिशेबात जादा वजन म्हणून शिरतं. झोपलेल्या माणसाची उंची डोळ्यांनी अजमावली तर दोन-तीन इंच सहज चुकतात. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजून ती काढणं अधिक बरं. नातेवाइकांना विचारलं तर शेवटचं वजन कधी आणि कुठे केलं होतं, साडी किंवा कपडे अलीकडे सैल झाले होते का, आजारपणापूर्वी किती दिवस जेवण गेलं नव्हतं, एवढी माहिती मिळते. बरेच दिवस काही खाल्लेलं नसेल तर लठ्ठ रुग्णालाही एकदम पूर्ण आहार देता येत नाही, कारण रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.