साडीच्या दुकानातली पगारवाढीची बैठक

साडीच्या दुकानात विक्रेतीशी वर्षभराच्या कामाबद्दल बोलायला उत्तम काळ पौषातला. संक्रांतीच्या काळ्या साड्या आणि हळदीकुंकवाची खरेदी आटोपलेली असते, लग्नाचे मुहूर्त माघापर्यंत नसतात, आणि दिवाळीच्या विक्रीचे आकडे वहीत आलेले असतात. बऱ्याच दुकानांत पगारवाढ दिवाळीत बोनससोबतच सांगून टाकतात. मात्र तेव्हा गर्दीमुळे मालकाला बसून बोलायला सवड नसते आणि बोनस कुठला, वाढ कुठली, हे कामगाराच्या मनात वेगळे राहत नाही. बोनस सरलेल्या वर्षाचा असतो, तर वाढ पुढच्या प्रत्येक महिन्याच्या पगारात राहते. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वेळी सांगितलेले बरे.

बैठकीची तयारी बिलबुकापासून सुरू होते. प्रत्येक बिलावर विक्रेतीच्या नावाचे अक्षर टाकण्याची सवय असेल, तर वर्षभरात तिने किती बिले केली आणि सरासरी बिल केवढ्याचे झाले, हे काढता येते. ही सवय नसेल तर यंदा ती लावावी आणि नसलेल्या आकड्यांवरून कोणाचे मोजमाप करू नये. विक्रीची एकूण रक्कम एकटी पाहिली तर फसगत होते. पैठणीच्या गादीवर बसणारीचे एक बिल रोजवापराच्या साड्या दाखवणारीच्या वीस बिलांएवढे असू शकते, आणि कोणी कुठे बसायचे हे मालकच ठरवतो. त्यामुळे विक्रेतीची तुलना तिच्याच गादीवरच्या तिच्याच गेल्या वर्षाशी करावी.

त्यातही पंचांग पाहावे लागते. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. ऐन उन्हाळी लग्नसराईतला महिना असा मुहूर्ताविना गेला, की बस्त्याची विक्री खाली येते. तो तोटा विक्रेतीच्या नावावर मांडणे अन्यायाचे होईल. उलट, त्या काळात तिने जावयाच्या वाणासाठी आलेले गिऱ्हाईक नीट सांभाळले असेल, तर त्याची नोंद असायला हवी.

आकड्यांच्या जोडीला एक साधी वही लागते. पंधरा दिवसांतून एकदा, तारीख घालून, प्रत्येकीबद्दल एखादी ओळ लिहावी: कोणत्या गिऱ्हाइकाने नाव घेऊन चौकशी केली, कोणती साडी डाग पडून बदलून द्यावी लागली, कोणी खाडा केला आणि आधी कळवले होते का. ही वही नसेल तर मालकाला शेवटचे दोन महिनेच आठवतात. दिवाळीच्या गर्दीत घडलेली एक चूक मग वर्षभराच्या चोख कामावर पडदा टाकते.

बैठकीची वेळ आठवडाभर आधी सांगावी आणि दुकान उघडण्यापूर्वीचा पाऊण तास राखून ठेवावा. विक्रेतीला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावू नये, गल्ल्यावर इतरांच्या देखत तर बोलूच नये. सुरुवात तिला विचारून करावी: वर्षात काय चांगले जमले, आणि काम कुठे अडले? या दुसऱ्या प्रश्नातून मालकाला न दिसलेल्या गोष्टी बाहेर येतात. फॉल-पिकोचा माणूस चार-चार दिवस साड्या अडवतो आणि बोलणी विक्रेतीला खावी लागतात. वरच्या फळीवरचा माल काढायला धड शिडी नाही. जेवायला बसले की हमखास हाक येते. हे ऐकून घेतल्यावर आपली निरीक्षणे मांडावीत. दोष सांगताना स्वभावावर न जाता घटना सांगावी. ‘तुमचं लक्ष नसतं’ हे वाक्य भांडण लावते. ‘श्रावणात तीन साड्यांना चुकीच्या किमतीची चिठ्ठी लागली’ यावर बोलता येते.

पुढच्या वर्षाची उद्दिष्टे दोन-तीनच असावीत आणि ती विक्रेतीच्या हातात असावीत. ‘विक्री वाढवा’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण दुकानात किती गिऱ्हाईक येते हे तिच्या हातात नसते. आलेल्या गिऱ्हाइकाला काय दाखवायचे, हे मात्र असते. आज दहा साड्यांमागे तीन परकर किंवा ब्लाउजपीस जात असतील, तर जूनअखेर पाच जावेत, हे उद्दिष्ट मोजता येते. त्याच्यासमोर मालकाचे काम लिहावे: परकरांचे सगळे चालू रंग आणि मापे फळीवर असतील. वर्षाहून अधिक पडून असलेल्या साड्यांची यादी करून त्या आधी दाखवायच्या, हे दुसरे उद्दिष्ट. त्यावर किती सूट द्यायची मुभा आहे, हे तेव्हाच ठरवावे. मात्र आकड्याच्या मागे लागून माल गळ्यात मारला जातो आहे का, यावर लक्ष हवे. आठवड्याभरात बदलून मागायला येणाऱ्या साड्या वाढल्या, तर तसे होते आहे असे समजावे.

पगारवाढीचा आकडा बैठकीआधीच काढून ठेवावा. पहिली तपासणी किमान वेतनाची. महाराष्ट्रात दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी ते परिमंडळ आणि कौशल्यानुसार ठरते आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी व जुलैमध्ये बदलतो. पगार त्याखाली असेल तर आधी तो तिथवर आणावा. ही भरपाई कायद्याने देणेच आहे, तिला कामाची वाढ म्हणू नये. त्यानंतर वाढीचे दोन भाग करावेत. समजा, पाच वर्षे काम करणाऱ्या विक्रेतीचा पगार 15,000 रुपये आहे आणि वर्षात महागाई 5 टक्के वाढली. तिला 750 रुपये दिले तर तिचा पगार गेल्या वर्षी होता तिथेच राहिला. चांगल्या कामाचे 4 टक्के, म्हणजे 600 रुपये, ही खरी वाढ. एकूण 1,350, नवा पगार 16,350.

हे दुकानाला झेपेल का? वर्षाचा वाढीव खर्च 16,200 रुपये. साडीवर खर्च वजा जाता 20 टक्के सुटत असतील, तर तो भरून काढायला 81,000 रुपयांची जादा विक्री लागते. वर्षाचे 300 दिवस धरले तर रोजचे 270 रुपये, म्हणजे साधारण एक परकर. हा हिशोब विक्रेतीलाही दाखवावा. उद्दिष्ट आणि वाढ यांचा संबंध तिला त्यात दिसतो.

आणखी एक तपासणी राहते. नव्याने आलेल्या मुलाला 14,500 रुपयांवर ठेवले असेल, तर पाच वर्षांच्या अनुभवाला फक्त 500 रुपयांची किंमत उरते. पगार एकमेकांना कळतातच, आणि अशा ठिकाणाहून अनुभवी माणूस शेजारच्या दुकानात जातो. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त पगार देणे तर 1976 च्या कायद्यापासून निषिद्ध आहे.

वाढीचा आकडा बैठकीच्या शेवटी सांगावा. आधी सांगितला तर पुढचे काही ऐकले जात नाही, आणि पुढच्या आठवड्यावर ढकलला तर सगळी बैठक टाळाटाळ वाटते. महागाईचे किती, कामाचे किती, कोणत्या महिन्यापासून, हे स्पष्ट बोलावे. विक्रेतीने घेतलेली उचल या वाढीत वळती करू नये. तिचे हप्ते वेगळे. धंदा खरोखर बसला असेल तर महागाईपुरती वाढ देऊन उरलेल्या भागाचा विचार कोणत्या महिन्यात होईल, ते सांगावे.

ठरलेले सगळे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सही करावी आणि एक प्रत तिला द्यावी. एप्रिलमध्ये आणि पुन्हा आषाढात दहा मिनिटे ते पान काढून बसावे. परकराचा आकडा तीनवरच अडला असेल, तर मालकाने कबूल केलेले रंग फळीवर आले होते का, हे आधी पाहावे. आले नसतील, तर मुदत तेवढी पुढे न्यावी आणि तसे दोन्ही प्रतींवर लिहावे.