करन्सी स्वॅप : दोन कंपन्या एकमेकींचं कर्ज कसं फेडतात?

घरातलं कुणी आखातात असेल, तर दिऱ्हम-रियालचा भाव रोज बघायची सवय असते. पैसे आज पाठवायचे की चार दिवस थांबायचं, एवढाच आपला प्रश्न. कंपन्यांपुढे हाच प्रश्न पाच-पाच वर्षांसाठी असतो. त्यावरचा एक उपाय म्हणजे करन्सी स्वॅप, चलनांची अदलाबदल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका कंपनीला अमेरिकेत कारखाना काढायचाय, त्यासाठी १ कोटी डॉलर हवेत. एका अमेरिकन कंपनीला चाकणला कारखाना काढायचाय, तिला रुपये हवेत. डॉलरचा भाव ८० रुपये धरू. अमेरिकेत पुण्याच्या कंपनीला कोण ओळखतं? तिथली बँक तिच्याकडे ७ टक्के मागते, तर घरच्या कंपनीला ५ टक्क्यांनी देते. भारतात उलटं : पुण्याच्या कंपनीला ८ टक्के, अमेरिकनला १०.

मग दोघी आपापल्या देशात कर्ज काढतात. पुण्याची ८० कोटी रुपये, अमेरिकन १ कोटी डॉलर. आणि पहिल्याच दिवशी मुद्दल बदलून घेतात.

आता दरवर्षीचं व्याज. पुण्याची कंपनी अमेरिकन कंपनीला ५ लाख डॉलर देते, ती ते आपल्या बँकेत भरते. अमेरिकन कंपनी पुण्याला ६ कोटी ४० लाख रुपये देते, ते इथल्या बँकेत जातात. स्वतः कर्ज काढलं असतं तर पुण्याला ७ लाख डॉलर आणि अमेरिकनला ८ कोटी रुपये पडले असते. पाच वर्षांनी मुद्दल परत, तेही जुन्याच ८० च्या भावाने, बाजारात काही का असेना.

गोम इथेच आहे. समजा तेव्हा डॉलर ९० झाला. पुण्याच्या कंपनीला तिथल्या कारखान्यातून डॉलरच मिळत असतील, तर तिला फिकीर नाही. पण तिने ते डॉलर मोडून इथे रुपयांत धंदा केला असेल, तर १ कोटी डॉलर विकत घ्यायला ९० कोटी लागतील आणि बदल्यात मिळणार ८० कोटीच. ती बुडाली, तर अमेरिकन कंपनी अडकली. तिच्या हातात ८० कोटी, तिच्या बँकेला मात्र डॉलर हवेत. फटका १० कोटींचा. कारण कर्ज ज्याच्या नावावर, बँक त्यालाच धरते. स्वॅपने नाव बदलत नाही. म्हणून बहुतेक वेळा मध्ये बँक उभी असते आणि भाव हलला की तारण मागते.

१९८१ साली आयबीएम आणि जागतिक बँक यांच्यात असा गाजलेला सौदा झाला, तेव्हापासून ही पद्धत रुळली.

यात दोन्हीकडे व्याज आहेच, शिवाय चलनाचा सौदा उधारीचा. म्हणून इस्लामी बँका हा करार जसाच्या तसा करत नाहीत. चलनाच्या भावापासून बचावासाठी त्या मुराबहा, म्हणजे मालाच्या खरेदी-विक्रीवर बेतलेले करार वापरतात. अशा व्यवहारांसाठी २०१० मध्ये ‘तहव्वुत’ नावाचा नमुना करारही तयार झाला.