नोकरी गेलेल्या मित्राला काय लिहावं?

मित्राची नोकरी गेल्याचं कळलं की आपण पटकन लिहून मोकळे होतो, ‘काळजी करू नकोस, होईल सगळं नीट. काही लागलं तर सांग.’ भावना खरी असते, पण काय लागणार आहे हे शोधून काढायचं आणि मग संकोच गिळून ते मागायचं, ही दोन्ही कामं आपण त्याच्याच गळ्यात टाकलेली असतात. डोकं सुन्न झालेल्या माणसाला ती जमत नाहीत. तो ‘हो रे, नक्की’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत सात वर्षं काढलेला मित्र आहे. बुधवारी त्याला एचआरनं बोलावून शुक्रवार शेवटचा दिवस असल्याचं सांगितलं. डोक्यावर घराचा हप्ता आहे आणि मधुमेह असलेली आई कंपनीच्याच मेडिक्लेममध्ये आहे. त्याला असं लिहिता येईल:

‘अरे, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. बोलावंसं वाटत नसेल तर फोन उचलू नकोस. आज रात्री नऊला घरी येतो, लॅपटॉप परत करायच्या आत तुझे कागद काढून ठेवू. आईच्या मेडिक्लेमचं मी उद्या सकाळी विचारतो, त्यासाठी फक्त कार्डाचा फोटो पाठव. यातलं काही नको असेल तर नुसतं “नको” लिही, मला राग येणार नाही.’

यात त्याला करायचं आहे ते एवढंच, एक फोटो पाठवायचा किंवा ‘नको’ म्हणायचं. शेवटचं वाक्य गाळू नये. काहींना पहिले दोन दिवस कुणीच समोर नको असतं.

कागदांची घाई खरी आहे. कंपनीचं लॉगिन अनेकदा शेवटच्या दिवशी संध्याकाळीच बंद होतं आणि पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, नेमणुकीचं आणि पगारवाढीची पत्रं आतच राहतात. पुढची कंपनी नेमकं हेच मागते. मात्र उतरवायचे ते फक्त स्वतःचे कागद. कामाच्या फाइलींना हात लावला तर नवंच प्रकरण अंगाशी येतं. राजीनामा लिहून मागितला असेल तर त्याच बैठकीत सही करू नये. किती पैसे, कोणत्या तारखेला आणि अनुभवाच्या पत्रात काय लिहिणार, हे लेखी आहे का ते दोघांनी बसून वाचावं. घाबरलेल्या माणसाच्या नजरेतून सुटलेली ओळ शेजारी बसलेल्याला दिसते.

मेडिक्लेमकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. कंपनीचा गट विमा सहसा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. नंतर आईसाठी कोरी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या मधुमेहासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि गट विम्यात काढलेली वर्षं त्या प्रतीक्षेतून वजा होऊ शकतात. कंपनी तब्येतीची माहिती मागेल, हप्ताही बराच वाढेल, त्यामुळे आकडा आधी कळलेला बरा. अर्ज जुनं संरक्षण चालू असतानाच करायचा, म्हणून हा फोन गुरुवारीच व्हायला हवा. अर्धा तास ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकत बसायचं त्राण मित्रात नसतं, आपल्यात असतं. मिळालेलं उत्तर ईमेलवर मागून घ्यावं.

मग पैशांचा हिशेब. पाच वर्षं पूर्ण झालेली असल्यानं त्याला ग्रॅच्युइटी मिळेल. शेवटच्या मूळ पगारात महागाई भत्ता असल्यास तो मिळवायचा, २६ नं भागून १५ नं गुणायचं आणि आलेल्या रकमेला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ५२,००० असेल तर वर्षाचे ३०,००० आणि सात वर्षांचे २,१०,०००. ही रक्कम तीस दिवसांत मिळायला हवी. उरलेल्या रजांचे पैसे, भरपाई आणि शिल्लक तिच्याखाली लिहिली की घरखर्च आणि हप्ता किती महिने निघेल, हे कागदावर दिसतं. मनातली भीती अनेकदा त्या आकड्याहून मोठी असते; कधी आकडाच लहान निघतो, तेव्हा मात्र हप्ता चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोलावं आणि सोबत आपण जावं. पीएफ काढायची घाई करू नये. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो आणि म्हातारपणची पुंजी मोडते ती वेगळीच.

नव्या नोकरीचा विषय पहिल्या आठवड्यात नको. नंतरही ‘सीव्ही पाठव, बघतो’ एवढ्यावर थांबू नये. आपल्या ऑफिसात त्याच्याजोगी जागा असेल तर ती भरणाऱ्या माणसाला स्वतः लिहावं: ‘याच्यासोबत मी तीन वर्षं काम केलंय. अमुक प्रोजेक्ट अडकला होता तेव्हा यानं तो असा सोडवला. पंधरा मिनिटं बोलून बघा.’ पाठवण्याआधी तो मजकूर मित्राला दाखवावा आणि उत्तर आलं की, नकार असला तरी, त्याच दिवशी कळवावं.