मेलमधला हसरा चेहरा समोरचा कसा वाचतो?

आपल्यातल्या बऱ्याच गटांना आता मालाच्या चौकशीच्या ईमेल येऊ लागल्या आहेत. कुणाच्या गोधड्या प्रदर्शनातून बाहेरगावी जातात, कुणाच्या मसाल्यांची शहरातल्या दुकानातून विचारणा होते. मेलला उत्तर लिहायचे काम बहुधा गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे येते आणि तिचा हात मोबाइलवरच्या गप्पांना सरावलेला असतो. ती उद्गारचिन्हे, हसरे चेहरे आणि अर्धेमुर्धे शब्द भरभरून टाकते. मन साफ असते, पण वाचणारा दुसऱ्या मुलखातला आणि दुसऱ्या पायरीवरचा असतो. तो त्या खुणा कशा वाचतो, हे आज आम्ही सांगणार आहोत.

ही गोष्ट आपल्याला अगदी नवी नाही. घरी जुनी पत्रे असतील तर काढून पाहा. वडिलांना लिहिताना ‘ती.’ आणि ‘शि. सा. न. वि. वि.’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’ असे लिहीत. शब्द तोडूनच लिहिले जात, तरी कुणाला त्यात अपमान वाटत नसे. कोणती अक्षरे वरच्याला आणि कोणती खालच्याला, हे दोघांनाही ठाऊक असे. पण तेच पत्र मराठी न जाणणाऱ्याच्या हाती दिले तर त्याला ते कोडेच वाटेल. ईमेलमधल्या खुणांचेही असेच आहे. त्यांचा अर्थ खुणेत नसतो, लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातल्या ओळखीत असतो.

आता एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, दहा जणींचा एक गट गोधड्या शिवतो. मार्चच्या शेवटी अमेरिकेतल्या एका दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याची मेल येते: चाळीस गोधड्या हव्यात, दर आणि तारीख कळवा. प्रत्येकीच्या वाट्याला चार गोधड्या, म्हणजे हातशिलाईला आठ आठवडे लागणार. गटातली मुलगी इंग्रजीत उत्तर लिहिते. त्याचा मराठी अर्थ असा: ‘हॅलो सर!!! तुमची मेल बघून खूप आनंद झाला!!!’ पुढे दोन हसरे चेहरे. मग ‘पीएफए रेट लिस्ट. रिप्लाय एएसएपी. ऑर्डर ०५/०६ पर्यंत’, आणि शेवटी वर केलेला अंगठा.

आधी उद्गारचिन्हे पाहू. अमेरिकेत ‘थँक यू’पुढे एक उद्गारचिन्ह म्हणजे नुसती आपुलकी. तिथे बायका अशी चिन्हे जास्त वापरतात, असे कॅरोल वासेलेस्की यांच्या २००६ सालच्या अभ्यासात दिसले. त्या चिन्हांमागे उतावीळपणा क्वचितच होता, बहुतेक ठिकाणी मैत्रीचा सूर होता, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे एका चिन्हाने बिघडत नाही. पण अनोळखी गिऱ्हाइकाला ओळीने तीन-तीन चिन्हे गेली, तर ‘या फार घाईत दिसतात, काम नीट होईल ना?’ अशी शंका येऊ शकते. जर्मनीत गोष्ट आणखी वेगळी. जर्मन भाषेत पत्राच्या मायन्यानंतर उद्गारचिन्ह देण्याची जुनी रीत होती, आता तिथे स्वल्पविराम देतात. एखाद्या वयस्क जर्मन व्यापाऱ्याच्या मेलमध्ये आपल्या नावापुढे उद्गारचिन्ह दिसले, तर तो ओरडला असे समजू नये. तो शाळेत शिकलेल्या पद्धतीने लिहितो आहे.

आता हसरा चेहरा. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर प्रयोग केले. ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २९ देशांतल्या एकूण ५४९ जणांनी त्यात भाग घेतला. अनोळखी माणसाकडून आलेली कामाची पहिली मेल त्यांना वाचायला दिली. काहींच्या मेलमध्ये हसरा चेहरा होता, काहींच्या नव्हता. हसऱ्या चेहऱ्यामुळे लिहिणारा अधिक प्रेमळ वाटला नाही, उलट कामात कमी हुशार वाटला. शिवाय अशा मेलला लोकांनी उत्तर देताना कामाची माहितीही कमी दिली. प्रत्यक्ष भेटीत हसून बोलणारा माणूस बरा वाटतो, पण छापलेले हसू त्याची जागा घेत नाही. मात्र मामला औपचारिक नसेल, तेव्हा हसरा चेहरा आपुलकीचाच वाटतो, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून वर्षभर व्यवहार झालेल्या गिऱ्हाइकाशी लिहिताना एखादा चेहरा चालून जातो. पहिल्या मेलमध्ये तो नको.

तिसरी गोष्ट तोडलेल्या शब्दांची. ‘पीएफए’ म्हणजे ‘सोबत जोडलेले पाहावे’. आपल्याकडच्या कचेऱ्यांत हे रोजचे आहे, बाहेर अनेकांना ते कळत नाही. ‘एएसएपी’ म्हणजे ‘लवकरात लवकर’. ते कळते सगळ्यांना, पण इथे पायरी आड येते. साहेबाने हाताखालच्याला लिहिले तर तो हुकूम. विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला लिहिले तर ती दटावणी वाटते. त्याऐवजी कारण आणि तारीख दिली, तर घाईही कळते आणि मानही राहतो: ‘कापड ५ एप्रिलला घ्यायचे आहे, म्हणून रंग ३ एप्रिलपर्यंत कळवावेत.’

सगळ्यात महाग पडेल ती मात्र तारीख. ‘०५/०६’ आपण पाच जून असे वाचतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तिथला अधिकारी ते सहा मे असे वाचेल. गटाला आठ आठवडे लागणार आहेत, आणि सहा मे तर पाच-सहाच आठवड्यांवर आहे. तिकडे मालाची वाट पाहिली जाईल, इकडे काही गोधड्यांना टाकाही पडलेला नसेल, आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटेल. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की हा घोळ उरतच नाही.

शेवटी अंगठा. आपल्याकडे तो ‘ठीक’ म्हणून चालतो. इराणमध्ये मात्र वर केलेला अंगठा जुन्या रीतीने शिवीसारखा मानला जातो. जोडलेले हातही असेच. आपण ते नमस्कार म्हणून टाकतो, जपानमध्ये ते ‘आभारी आहे’ किंवा ‘माफ करा’ म्हणून जातात.

आणि अंगठ्यात पैसाही अडकतो. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातली ही गोष्ट आहे. २०२१ साली धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो एका शेतकऱ्याला मोबाइलवर पाठवला आणि करार नक्की करा असे लिहिले. शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. दर होता बुशेलला १७ डॉलर. माल द्यायची वेळ आली तेव्हा बाजारभाव ४१ डॉलरवर गेला होता, आणि माल काही आला नाही. शेतकऱ्याचे म्हणणे होते की अंगठा म्हणजे ‘निरोप मिळाला’ एवढेच. कोर्टाने मागचे व्यवहार तपासले. आधीच्या करारांना तो ‘ओके’, ‘यप’, ‘लुक्स गुड’ अशी तुटक उत्तरे देत असे आणि त्यावर माल पोचवत असे. म्हणून २०२३ मध्ये कोर्टाने ठरवले की हा अंगठाही होकारच आहे. ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई लागू झाली, आणि २०२४ मध्ये वरच्या कोर्टानेही तोच निकाल कायम ठेवला. हा निरोप ईमेलने नव्हे, मोबाइलवरून गेला होता. पण समजून घ्यायची गोष्ट तीच. ‘मिळाले’ आणि ‘मान्य आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंगठा त्या वेगळ्या करून सांगत नाही. निव्वळ पोच द्यायची असेल तर ‘करार मिळाला, गटाच्या बैठकीत वाचून सोमवारी कळवतो’ असे लिहावे.

आता तीच मेल पुन्हा लिहून पाहू. ‘नमस्कार. आपली चौकशी मिळाली, आभारी आहोत. चाळीस गोधड्यांसाठी दर प्रत्येकी १,८०० रुपये, एकूण ७२,००० रुपये. यात पाठवणीचा खर्च धरलेला नाही. दरपत्रक सोबत जोडले आहे. आपली मान्यता आणि रंग ३ एप्रिलपर्यंत मिळाल्यास माल ५ जूनपर्यंत तयार होईल. काही विचारायचे असल्यास जरूर लिहावे.’ खाली लिहिणारीचे पूर्ण नाव, गटाचे नाव आणि फोन नंबर. यात हसरा चेहरा नाही, तरी ही मेल रूक्ष नाही. ‘आभारी आहोत’ आणि ‘जरूर लिहावे’ हे शब्द चेहऱ्याचे काम करतात.

या मेलला साहेबांचे उत्तर एका शब्दाचे आले, ‘नोटेड’ किंवा ‘ओके’, तर घाबरू नका. वरच्या पायरीवरची माणसे दिवसभर मेल वाचत असतात, आणि तुटक लिहिल्याबद्दल त्यांना कुणी बोल लावत नाही. तेच आपण त्यांना लिहिले तर उद्धट वाटते. हा भेद न्यायाचा आहे असे आम्ही म्हणत नाही, पण तो आहे. आणि तो ‘ओके’ कशाला होता, दराला की तारखेला, हे मात्र विचारून घ्या: ‘७२,००० रुपये आणि ५ जून, दोन्ही मान्य आहे असे समजून काम सुरू करू का?’

समोरच्याशी मोकळे कधी व्हायचे, याची खूण सोपी आहे. गिऱ्हाईक किंवा वरचा माणूस आधी काय वापरतो ते पाहा, आणि त्याच्या एक पाऊल मागे राहा. त्याने दोन-तीन मेलमध्ये हसरा चेहरा टाकला तर आपण एखादा टाकायला हरकत नाही. त्याने ‘डियर’पासून सहीपर्यंत सगळे नीट लिहिले असेल तर आपणही तसेच लिहायचे. दर, संख्या, तारीख आणि होकार या चार गोष्टी मात्र ओळख कितीही जुनी झाली तरी अक्षरांत आणि पूर्ण शब्दांतच लिहायच्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्याकडून गेलेली एखादी मेल मोठ्याने वाचून पाहा. वाचताना ज्या खुणेचा अर्थ दोघींनी दोन सांगितला, ती खूण काढून तिथे शब्द लिहा.